सॉफ्टवेअर सोडलं, तर हिशेबाच्या वह्या कुणाकडे?

कोल्हापुरातल्या एका स्पेअर पार्ट वितरकाचं उदाहरण घेऊ. वितरक मी रचलेला आहे, पण त्याच्या करारातलं प्रत्येक कलम मी खऱ्या करारांमध्ये वाचलेलं आहे आणि त्यापायी माणसं अडकलेलीही पाहिली आहेत.

या वितरकाकडे आठ माणसं संगणकावर बसतात. तीन वर्षांपूर्वी त्याने क्लाउडवरचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. असं सॉफ्टवेअर आपण विकत घेत नाही, त्याची वर्गणी भरतो. ते चालतं कंपनीच्या सर्व्हरवर, आणि आपली बिलं, येणी, साठा, पार्ट्यांची खाती हे सगळं तिथेच साठत जातं. दर माणशी महिना 900 रुपये ठरला. म्हणजे वर्षाचे 86,400, जीएसटी वेगळा, पैसे आगाऊ. करार तीन वर्षांचा, 31 मार्चला संपणारा, आणि कुणी नोटीस दिली नाही तर आपोआप आणखी वर्षभर वाढणारा. 1 मार्चला मेल आला: नव्या वर्षापासून दर माणशी 1,500 रुपये. म्हणजे वर्षाचे 1,44,000.

वितरकाला आठवत होतं की दरवाढ 7 टक्क्यांहून जास्त होणार नाही असं करारात लिहिलं आहे. तसं लिहिलेलं होतंच. पण ती मर्यादा ‘लिस्ट प्राइस’वर होती, म्हणजे कंपनीच्या छापील दरावर. छापील दर पहिल्यापासून 1,500 होता. सुरुवातीला त्यावर 40 टक्के सवलत मिळाली, म्हणून 900. नूतनीकरण मात्र ‘त्या वेळच्या लिस्ट प्राइसने’ होईल, असं ऑर्डर फॉर्मवर बारीक अक्षरात होतं. सवलत संपली. कंपनीच्या लेखी दरवाढ शून्य, वितरकाच्या खिशातून 57,600 रुपये जादा. मर्यादा प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर असती, तर नवं बिल 92,448 च्या वर गेलं नसतं. दराच्या कलमात टक्केवारी किती, हे सगळे बघतात. ती टक्केवारी कशावर मोजायची, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

मग सोडून देऊ, असं त्याने ठरवलं. इथे दुसरं कलम आडवं आलं. नूतनीकरण नको असेल, तर मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी लेखी कळवायचं होतं. 31 मार्चपासून 60 दिवस मागे मोजले, की 30 जानेवारी येते. कंपनीने दर कळवण्याची मुदत मात्र फक्त 30 दिवसांची होती, म्हणून मेल 1 मार्चला. दर कळला तेव्हा ‘नको’ म्हणायची तारीख उलटून महिना झाला होता. दोन्ही कलमं वेगवेगळ्या पानांवर असतात आणि वेगवेगळी वाचली तर दोन्ही वाजवी वाटतात. म्हणूनच ही चूक शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते.

करार मध्येच संपवता येईल का? कायद्याच्या इंग्रजीत याला ‘टर्मिनेशन फॉर कन्व्हीनियन्स’ म्हणतात. समोरच्याने काही चूक केलेली नसताना, कारण न देता करार संपवण्याचा हक्क. बऱ्याच तयार करारांत हा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते आणि ग्राहकाला देत नाही. ग्राहकाला फक्त कंपनीने करार मोडला तर, तोही नोटीस देऊन आणि दुरुस्तीसाठी साधारण 30 दिवस थांबून, बाहेर पडता येतं. काही ठिकाणी हक्क दोघांनाही असतो, पण ग्राहक गेला तर आगाऊ भरलेले पैसे परत नाहीत. हा नुसता कागदावरचा हक्क. जूनमध्ये सोडून मार्चपर्यंतचे पैसे घालवायचे असतील, तर कोण सोडेल? कंपनीने स्वतःच्या मर्जीने करार संपवला, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे तिने परत करावेत, एवढं तरी लिहून घ्यायलाच हवं. अनेक करार याबद्दल गप्प असतात.

या हक्काचा एक सोपा पर्याय आहे, तो म्हणजे महिन्याची वर्गणी. ती वार्षिकपेक्षा महाग पडते, कारण जास्तीच्या पैशात आपण बाहेर पडण्याची मोकळीक विकत घेत असतो. नव्या सॉफ्टवेअरचं पहिलं वर्ष तरी असं काढावं, असं माझं मत आहे. सवलतीसाठी तीन वर्षांची सही करताना सॉफ्टवेअर आपल्याला मानवेल की नाही, हेच अजून माहीत नसतं.

आता खरा गुंता, डेटाचा. वितरकाने वैतागून नवं बिल भरलं नाही. कंपनीने खातं स्थगित केलं, आणि स्थगित खात्यातून एक्स्पोर्टही करता येत नव्हतं. मुदत संपल्यावर 30 दिवस डेटा मिळेल असं करारात होतं. सेल्सफोर्ससारख्या मोठ्या कंपनीच्या प्रमाण करारातही, 30 दिवसांच्या आत मागणी केली तर डेटा मिळेल, असंच कलम आहे. पण ते 30 दिवस करार संपल्यापासून सुरू होतात, आणि याचा करार तर आपोआप वाढला होता. म्हणजे पैसे भरल्याशिवाय वह्या दिसणार नव्हत्या.

त्या वह्या ठेवणं त्याला कायद्याने भाग आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. धंदा कंपनीच्या नावाने असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार आठ आर्थिक वर्षं. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे एडिट लॉग, असावा लागतो आणि तोही जपावा लागतो. सरकारी नोटीस आली तर ‘सॉफ्टवेअर बदललं’ हे उत्तर चालत नाही.

डेटा मिळाला, तरी काय मिळतं? बहुतेक वेळा सीएसव्ही फायली. पार्ट्यांची एक, बिलांची एक, जमा पावत्यांची एक. कोणती पावती कोणत्या बिलापोटी आली, हा दुवा अनेकदा त्यात नसतो. मग थकबाकीची यादी हाताने जुळवत बसावं लागतं. बिलांना जोडलेले फोटो आणि स्कॅन येत नाहीत. एडिट लॉग तर क्वचितच येतो, कारण करारात ‘ग्राहकाचा डेटा’ म्हणजे ग्राहकाने भरलेली माहिती, अशी व्याख्या असते आणि लॉग कंपनीच्या यंत्रणेने तयार केलेला असतो. आणखी एक सापळा आपल्याच संगणकावर असतो. ती फाईल थेट एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर शून्याने सुरू होणारे पार्ट क्रमांक आपलं शून्य गमावतात, 15 अंकांपेक्षा लांब क्रमांकांचे शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात, आणि देवनागरीतली नावं कधी कधी वेड्यावाकड्या चिन्हांत उमटतात. म्हणून आलेली मूळ फाईल न उघडता बाजूला जपावी आणि काम तिच्या प्रतीवर करावं.

एक्स्पोर्ट चांगला आहे की नाही, हे नातं गोडीचं असतानाच तपासता येतं. एक दुपार पुरते. सगळा डेटा उतरवून घ्यायचा. बिलांची संख्या आणि बेरीज सॉफ्टवेअरच्या अहवालाशी ताडून पाहायची. मग जुन्यातली दहा बिलं निवडायची आणि प्रत्येकाची तारीख, कर, जमा झालेली रक्कम आणि जोडलेला कागद, हे फक्त फायलींवरून उभं करता येतं का ते बघायचं. येत नसेल, तर तो डेटा आपल्याकडे आलेला नाही. ही तालीम तिमाहीला केली, तर त्यातून साठलेल्या प्रतीच पुढे अडचणीत कामाला येतात.

युरोपने हा प्रश्न कायद्याने हातात घेतला आहे. तिथला डेटा ॲक्ट 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. क्लाउड सेवा बदलायची असेल, तर नोटिशीची मुदत दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, स्थलांतर साधारण 30 दिवसांत व्हावं लागतं, आणि त्यानंतरही किमान 30 दिवस डेटा उतरवून घ्यायला मिळावे लागतात. 12 जानेवारी 2027 पासून स्थलांतराचं शुल्कही घेता येणार नाही. ठरल्या मुदतीच्या आधी सोडल्याचा दंड मात्र हा कायदा सरसकट मोडत नाही, त्यामुळे तिथेही दंडाचं कलम वाचावंच लागतं. हा कायदा युरोपातल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही लागू आहे. म्हणजे पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी जर्मनीतल्या ग्राहकाला हे हक्क देण्यास बांधलेली आहे, पण कोल्हापूरच्या ग्राहकाला नाही. मला हे बोचतं.

आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सोबत नेण्याचा हक्क नाही. आधीच्या मसुद्यांत तो होता, अंतिम कायद्यात राहिला नाही. आणि तो कायदा व्यक्तींच्या माहितीपुरता आहे, दुकानाच्या खातेवहीचा त्यात विचार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागता येते, विनाकारण एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलमही त्यात मोडतं. पण व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा त्या कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांना सूट आहे, आठ माणसांच्या पेढीला ती मिळवणं अवघड. म्हणून इथे जे काही संरक्षण आहे, ते करारातूनच मिळवावं लागतं.

छोट्या ग्राहकासाठी कंपनी तिचा छापील करार बदलत नाही, हे खरं. पण ऑर्डर फॉर्म बदलते. विक्रीचा माणूस तो फॉर्म भरून पाठवतो, आणि बऱ्याच करारांत छापील अटी आणि ऑर्डर फॉर्म यांत विरोध असेल तर ऑर्डर फॉर्म ग्राह्य, असं असतं. तसं आहे का ते आधी बघावं आणि नसेल तर त्याच फॉर्मवर लिहून घ्यावं. मग तीन वाक्यं मागावीत. नूतनीकरणाचा दर मागच्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या दरापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त नसेल. वाढीव दर 90 दिवस आधी कळवला जाईल, आणि तो कळल्यापासून 30 दिवसांत ग्राहक नूतनीकरण नाकारू शकेल. बिलाचा वाद चालू असतानाही आणि करार संपल्यावर 60 दिवसांपर्यंतही एक्स्पोर्ट चालू राहील, जोडलेल्या कागदांसह आणि एडिट लॉगसह. हे सगळं सहीच्या आधी मागायचं. सहीनंतर ऐकून घ्यायची त्या माणसाला गरज उरत नाही. आणि संकेतस्थळावरच्या अटी कंपनी पुढे बदलू शकते, म्हणून सहीच्या दिवशीच्या अटी पीडीएफमध्ये उतरवून ऑर्डर फॉर्मसोबत ठेवाव्यात.

सही आधीच झाली असेल, तर निदान एक काम आज करा. करार काढा, मुदतीची शेवटची तारीख आणि नोटिशीचे दिवस शोधा, तेवढे दिवस मागे मोजा आणि जी तारीख येईल तिच्याही पंधरा दिवस आधीची खूण कॅलेंडरवर करा. त्या दिवशी पुढच्या वर्षाचा दर लेखी मागवा, आणि उत्तर आलं नाही तर नूतनीकरण नको असल्याची नोटीस मुदतीत पाठवून द्या.