दिवाळीतला स्प्रिंट : पन्नासातले पंचवीस दिवस

२०२५ साली लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला आलं. बुधवारी बलिप्रतिपदा, गुरुवारी भाऊबीज. सोमवार, गुरुवार आणि शुक्रवार एवढ्या तीन रजा टाकल्या की मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून सलग नऊ दिवस मोकळे. पुण्यातल्या नोकरदारांनी हा हिशेब कॅलेंडर हातात पडताच केलेला असतो. सॉफ्टवेअर टीमचं नियोजन मात्र पुष्कळदा अशा आठवड्यातही ‘पाच माणसं, दहा दिवस, एकूण पन्नास’ याच आकड्यावर उभं राहतं आणि मग दिवाळीनंतरच्या सोमवारी अर्धवट कामांची यादी समोर येते.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सॉफ्टवेअरचं काम बहुधा एक ते चार आठवड्यांच्या तुकड्यांत केलं जातं. या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. तो सुरू होताना टीम एकत्र बसून किती काम अंगावर घ्यायचं ते ठरवते. कामाचा आकार ‘पॉइंट’मध्ये मोजायची पद्धत आहे, सोपं काम एक-दोन पॉइंटचं, किचकट काम पाच-आठचं. टीमच्या हाताशी खरोखर किती वेळ आहे, ती तिची कपॅसिटी.

आता १३ ते २४ ऑक्टोबर २०२५ हा दोन आठवड्यांचा स्प्रिंट घेऊ. कॅलेंडर खरं आहे, टीम कल्पित. पुण्यात चौघं : एक सीनियर डेव्हलपर, एक बॅकएंडवाला, एक फ्रंटएंडवाली आणि एक टेस्टर. पाचवी डेव्हलपर बंगळूरुहून काम करते. पाच जणांचे दहा कामाचे दिवस म्हणजे ५० मनुष्यदिवस.

पहिली वजाबाकी सार्वजनिक सुट्ट्यांची, आणि तिथेच पहिली चूक होते. महाराष्ट्राच्या सरकारी यादीत २१ आणि २२ या सुट्ट्या होत्या. कर्नाटकच्या यादीत नरक चतुर्दशीची २० आणि बलिपाड्यमीची २२. कंपनीने त्या-त्या राज्याची यादी धरली असेल, तर प्रत्येकाचे दोनच दिवस जातात, पण ते दिवस वेगवेगळे. त्यामुळे शीटमध्ये सुट्ट्यांचा एकच रकाना ठेवून चालत नाही, शहरागणिक वेगळा लागतो. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये हे सूत्र शनिवार-रविवार आणि दिलेल्या सुट्ट्या वगळून दिवस मोजतं :

```
=NETWORKDAYS(C1,C2,H2:H3)
```

C1 आणि C2 मध्ये स्प्रिंटची पहिली-शेवटची तारीख, H रकान्यात त्या शहराच्या सुट्ट्या. इथे उत्तर प्रत्येकी ८ येतं. पाच जणांचे मिळून ४० दिवस उरले. सुट्टी रविवारी आली तर हे सूत्र ती पुन्हा वजा करत नाही. हाताने मोजताना नेमकं ते राहून जातं.

मग रजा. सीनियरने २०, २३ आणि २४ घेतल्या. बॅकएंडवाल्याने २३ आणि २४, टेस्टरने भाऊबीजेचा एक दिवस, फ्रंटएंडवालीने सोमवारी अर्धा दिवस, तर बंगळूरुच्या डेव्हलपरने दोन सुट्ट्यांच्या मधला २१ तारखेचा मंगळवार. एकूण साडेसात. राहिले साडेबत्तीस.

तिसरी वजाबाकी सपोर्टची, आणि लहान टीममध्ये सगळ्यात जास्त ओढाताण तिचीच होते. चालू असलेल्या प्रणालीत काही बिघडलं, ग्राहकाची तक्रार आली, तर ती बघायला आठवड्याला एक जण नेमलेला असतो. समजा पहिल्या आठवड्यात सीनियर, दुसऱ्यात फ्रंटएंडवाली. अनेक टीम सपोर्टवरच्या माणसाचा अर्धा वेळ नियोजित कामासाठी धरतात. पाच जणांच्या टीममध्ये तो शून्य धरावा. तक्रारी वेळ ठरवून येत नाहीत. दिवसात चार वेळा काम सोडून उठावं लागलं की उरलेल्या वेळात अवघड काम पुढे सरकत नाही. एखादा आठवडा शांत गेलाच, तर बाजूला ठेवलेली किरकोळ दुरुस्ती त्याने घ्यावी. पण तिच्यावर कोणाचं पुढचं काम अडलेलं नसावं.

मात्र ‘दोन आठवडे सपोर्ट, म्हणून दहा दिवस वजा’ असंही करू नये. सीनियरचे पाच दिवस पूर्ण जातात. फ्रंटएंडवालीच्या आठवड्यातून दोन सुट्ट्या आणि अर्धी रजा आधीच वजा झाल्या आहेत. तिचे सपोर्टचे दिवस अडीचच उरतात. सरसकट दहा वजा केले, तर तेच अडीच दिवस दोनदा कापले जातील. साडेबत्तीसातून साडेसात गेले, राहिले २५. पन्नासाचे बरोबर निम्मे.

या पंचवीस दिवसांत काम किती बसेल? त्यासाठी मागचे स्प्रिंट बघायचे. समजा आधीच्या तीन स्प्रिंटमध्ये याच पद्धतीने काढलेले दिवस ३६, ३८ आणि ३४ होते आणि पूर्ण झालेलं काम २७, २८ आणि २६ पॉइंट. १०८ दिवसांत ८१ पॉइंट, म्हणजे दिवसाला पाऊण. पंचवीस दिवसांना पावणेएकोणीस. सरासरीच्या सवयीने २७ पॉइंट उचलले असते, तर जवळपास तिसरा हिस्सा पडून राहिला असता.

इथे एक पथ्य आहे. मागच्या स्प्रिंटचे दिवस नियोजनाच्या दिवशी जे काढले होते तेच घ्यायचे, नंतर दुरुस्त केलेले नाहीत. म्हणजे अचानक आलेला ताप, गेलेली वीज, मीटिंगमध्ये गेलेले तास हे सगळं त्या पाऊण पॉइंटमध्ये आपोआप मुरलेलं असतं आणि मीटिंगसाठी वेगळी कपात करावी लागत नाही. केली तर तीही दुहेरी होते. अर्थात, टीम निम्मी झाली तरी नियोजनाची बैठक निम्मी होत नाही. म्हणून अशा आखूड स्प्रिंटला पावणेएकोणीसऐवजी सतरा पॉइंट घेतलेले बरे.

पण बेरजेत एक गोष्ट दिसत नाही, ती तारखांच्या तक्त्यात दिसते. पंचवीसपैकी वीस दिवस पहिल्याच आठवड्यात आहेत. दुसऱ्यात सोमवारी बॅकएंडवाला आणि टेस्टर, मंगळवार-बुधवारी कोणीही नाही, गुरुवारी एकटी बंगळूरुची डेव्हलपर, शुक्रवारी ती आणि टेस्टर. बॅकएंडवाल्याने सोमवारी नवं काम उघडलं, तर ते तपासायला सीनियर नाही, बंगळूरुला सुट्टी आहे आणि फ्रंटएंडवाली अर्धा दिवस सपोर्टवर आहे. तो परतणार २७ तारखेला, स्प्रिंट संपल्यावर. टेस्टरकडेही सोमवार आणि शुक्रवार एवढेच दिवस उरतात. त्यामुळे मोठी कामं १७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत टेस्टिंगला गेली पाहिजेत आणि दुसऱ्या आठवड्यात चुका दुरुस्त करण्यापलीकडे फारसं काही ठेवता येत नाही. गुरुवारचं काम तर एकटीने सुरू करून एकटीने संपवता येईल असंच हवं.

मंगळवार-बुधवारचा प्रश्न राहतोच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ग्राहकाची प्रणाली बंद पडली, तर फोन कोण उचलणार, हे नाव आधी ठरवून शीटमध्ये लिहावं लागतं. ज्याला त्या दिवशी लॅपटॉप उघडावा लागेल त्याला कॉम्प-ऑफ मिळेल. तो दिवस २७ ऑक्टोबरपासूनच्या स्प्रिंटच्या शीटमध्ये, रजेच्याच रकान्यात, त्याच्या नावापुढे आधीच मांडून ठेवायचा.