साडेपस्तीसचा अणू कुणी पाहिलाय?

शाळेत क्लोरीनचा अणुभार ३५.५ असा पाठ करतात. त्या दशांश चिन्हापाशी थांबून कुणी विचारत नाही, पण तिथे खरं तर अडायला हवं. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, तेही पूर्ण संख्येत. क्लोरीनच्या केंद्रकात १७ प्रोटॉन असतात. मग हा अर्धा कुठून आला?

एकोणिसाव्या शतकात या अर्ध्याने रसायनशास्त्रज्ञांना फार छळलं. १८१५ मध्ये विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने सुचवलं होतं, की सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत. कल्पना सुंदर होती, पण क्लोरीन तिला दाद देईना. जितकं काटेकोर मोजावं तितका आकडा ३५.५ च्या आसपासच यायचा. चूक मोजण्यात नव्हतीच. तराजूच्या पारड्यात एका वेळी अब्जावधी अणू असतात आणि ते सगळे सारख्याच वजनाचे आहेत, असं गृहीत धरलं होतं. चूक तिथे होती.

अणूंची वजनवार वर्गवारी केली फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. १९१९ मध्ये त्यांनी बनवलेलं यंत्र म्हणजे आजच्या मास स्पेक्ट्रोमीटरचा पूर्वज. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. वायूच्या अणूमधून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याच्यावर धन प्रभार येतो, म्हणजे त्याचा आयन होतो. असे वेगाने जाणारे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून सोडले की त्यांची वाट वाकते. हलका आयन जास्त वळतो, जड कमी. त्यामुळे प्रत्येक वजनाचे आयन वेगळ्या जागी पोचतात. कुठे पोचले यावरून वजन कळतं आणि किती पोचले यावरून प्रमाण. आजच्या यंत्रात ते उंच-बुटक्या शिखरांच्या आलेखात दिसतं.

क्लोरीनच्या आलेखात ३५.५ वर काहीच नसतं. शिखरं असतात ३५ वर आणि ३७ वर. म्हणजे क्लोरीनचे दोन समस्थानिक आहेत: एकात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. साडेपस्तीसचा अणू अस्तित्वातच नाही.

आता आलेखावरून सरासरी काढून पाहू. सर्वांत उंच शिखर १०० धरायचं आणि बाकीच्यांची उंची त्याच्या तुलनेत सांगायची, असा रिवाज आहे. ३५ चं शिखर १०० असेल, तर ३७ चं साधारण ३२ भरतं. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. हे १०० म्हणजे शंभर टक्के नव्हेत, ती फक्त उंची आहे. टक्केवारी हवी असेल तर आधी बेरीज करायची: १०० अधिक ३२, म्हणजे १३२. मग १०० भागिले १३२ केलं की ७५.७६ टक्के आणि ३२ भागिले १३२ केलं की २४.२४ टक्के.

पुढचा हिशेब किराणा दुकानदाराचा. साठ रुपये किलोचा तीन किलो तांदूळ आणि ऐंशी रुपयांचा एक किलो एकत्र केला, तर मिश्रणाचा भाव सत्तर होत नाही, पासष्ट होतो, कारण स्वस्त तांदूळ जास्त आहे. क्लोरीनचं प्रमाणही जवळजवळ तीनास एक असंच आहे. तेव्हा ३५ गुणिले ०.७५७६ आणि ३७ गुणिले ०.२४२४ यांची बेरीज करा. उत्तर येतं ३५.४८.

पण तक्त्यात छापलेला आकडा ३५.४५ आहे. हा ०.०३ चा फरक मला या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ३५ ही केंद्रकातल्या कणांची मोजदाद आहे, वजन नव्हे. क्लोरीन-३५ साठी लागणारं साहित्य, १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन आणि १७ इलेक्ट्रॉन, सुटं सुटं तोललं तर ३५.२९ एकक भरेल. एकक म्हणजे कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. हे कण केंद्रकात बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान कमी होतं. उरतात ३४.९६९ एकक. क्लोरीन-३७ चं वस्तुमान तसंच ३६.९६६ आहे. आता हिशेब पुन्हा मांडा: ३४.९६९ गुणिले ०.७५७६ म्हणजे २६.४९३, आणि ३६.९६६ गुणिले ०.२४२४ म्हणजे ८.९६१. बेरीज ३५.४५४. आता तक्त्याशी जुळलं.

उत्तर चुकलंय हे कसं ओळखायचं? सरासरी नेहमी सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड समस्थानिकाच्या मध्येच पडते. उंचीलाच टक्केवारी समजून १०० आणि ३२ वापरले, तर उत्तर ४६.८ येईल. क्लोरीनचा सर्वांत जड अणूच ३७ चा, तेव्हा ही सरासरी अशक्य. आणि प्रमाण ज्याचं जास्त, सरासरी त्याच्याकडे झुकलेली हवी. ३६ च्या पलीकडे गेलात तर कुठेतरी अदलाबदल झालीय.

प्रयोगशाळेतल्या चुका अधिक छुप्या असतात. यंत्रात वायू जास्त सोडला तर मोजणारा संवेदक दमतो: बुटकं शिखर नीट मोजलं जातं, उंच शिखराचा शेंडा कापला जातो. १०० च्या जागी ९० नोंदले गेले, तर ३७ चा वाटा २६.२ टक्के दिसेल आणि सरासरी ३५.४९ होईल. आकडा अगदी साळसूद दिसतो, म्हणून वायू कमी करून पुन्हा मोजायचं. गुणोत्तर बदललं, तर पहिलं मोजमाप खोटं.

शिवाय आलेखात परकी शिखरंही असतात. अ‍ॅस्टन यांना ३५ आणि ३७ च्या जोडीला ३६ आणि ३८ वरही रेषा दिसल्या. ते नवे समस्थानिक नव्हते. क्लोरीनच्या अणूला हायड्रोजन चिकटला की वजन एकने वाढतं. दोनदा प्रभारित झालेले अणू १७.५ आणि १८.५ वर दिसले, कारण यंत्र वस्तुमानाला प्रभाराने भागूनच दाखवतं. क्लोरीन वायूचा रेणू दोन अणूंचा असल्यामुळे ७०, ७२ आणि ७४ वरही शिखरं येतात. ती सरासरीच्या हिशेबात मिसळायची नाहीत, पण फेकायचीही नाहीत. दोन्ही अणू ३५ चे असण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे सोळात नऊ. दोन्ही ३७ चे असण्याची सोळात एक, आणि एकेक असण्याची सोळात सहा. तीन शिखरं नऊ, सहा, एक या प्रमाणात दिसली, की ३५ आणि ३७ वरून काढलेलं तीनास एक हे प्रमाण खरं ठरतं.

तरीही ३५.४५ हा आकडा जगातल्या प्रत्येक क्लोरीनला शेवटच्या दशांशापर्यंत लागू नाही. नमुना कुठून आला यावर दोन समस्थानिकांचं प्रमाण किंचित बदलतं. म्हणून आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या तक्त्यात क्लोरीनचा अणुभार आता ३५.४४६ ते ३५.४५७ असा पल्ल्यात दिलेला असतो. वरच्या हिशेबातलं आपलं ३५.४५४ त्याच पल्ल्यात बसतं.