ऐंशी हजार गेले कुठे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. शेडचं भाडं, सुपरवायझरचे पगार, विमा, घसारा असा महिन्याचा स्थिर ओव्हरहेड 6 लाख रुपये धरलेला आहे आणि कास्टिंग निघणार 10,000. म्हणजे प्रत्येक नगावर 60 रुपयांचा भार. स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये हाच दर वर्षभर चालतो.

महिनाअखेरीला कळतं, की नग निघाले 9,000 आणि खर्च झाला 6 लाख 20 हजार. नगांवर चढला फक्त 5 लाख 40 हजारांचा भार. उरलेले 80 हजार अंगावर आले.

आता त्याची फोड. ठरलेल्या 6 लाखांपेक्षा 20 हजार जास्त गेले, ती खर्चाची तफावत. जाब विचारायचा तर बिलं मंजूर करणाऱ्याला. हजार नग कमी निघाले, गुणिले 60, म्हणजे 60 हजार ही व्हॉल्यूमची तफावत. हे पैसे कोणी उधळलेले नाहीत. भाडं तेवढंच होतं, ते वाटून घ्यायला नग कमी पडले. भट्टी बंद पडली होती, की ऑर्डरच नव्हत्या, हे मात्र आकडा सांगत नाही.

नेहमीची चूक म्हणजे प्रत्यक्ष खर्चातून थेट 5 लाख 40 हजार वजा करून सगळ्या 80 हजारांना ‘उधळपट्टी’ म्हणणं.

उलटी गंमतही होते. पुढच्या महिन्यात 11,000 नग ओतले, तर व्हॉल्यूमची तफावत 60 हजारांनी अनुकूल दिसते, त्यातले 2,000 न विकता आवारात पडून असले तरीही.