४५ हजारांची हुलकावणी

बिटकॉइनच्या चार्टवर चढता त्रिकोण ओळखायला फार सराव लागत नाही. वरची बाजू आडवी असते, कारण एका ठरावीक भावाला विकणारे दबा धरून बसलेले असतात. खालची बाजू चढत जाते, कारण घेणारे दर घसरणीत आधीपेक्षा थोड्या चढ्या भावाने माल उचलतात. विकणाऱ्यांचा साठा संपला की भाव वर निसटतो, हाच ब्रेकआउट. पुढे तो कुठवर जाईल, याचा हिशेब साधा आहे: त्रिकोणाची सर्वांत मोठी उंची मोजायची आणि आडव्या रेषेच्या भावात मिळवायची.

२०२२ चा त्रिकोण पाहा. २४ जानेवारीला बिटकॉइन सुमारे ३३,००० डॉलरपर्यंत खाली गेला, फेब्रुवारीत ४५,८०० च्या आसपास चढून परतला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, तळ ३४,३०० जवळ लागला. मार्चचे तळ ३७,००० च्या वर राहिले. आडवी रेषा ४५,५०० वर धरली, तर उंची १२,५०० आणि लक्ष्य ५८,०००.

मार्चअखेर रेषा तुटली. २८ मार्चला भाव ४८,००० च्या पुढे गेला. अशा वेळी पहिली उसळी फसवी असू शकते. मंदीवर पैसे लावलेल्यांचे स्टॉपलॉस रेषेच्या वरच ठेवलेले असतात. रेषा तुटताच ते आपोआप खरेदी करतात आणि भाव उडतो. ती खरेदी संपल्यावर नवा ग्राहक आला नाही, तर तो तसाच खाली येतो. म्हणून जाणकार दिवसाचा बंद भाव रेषेच्या वर यायची वाट पाहतात. हा बाजार चोवीस तास चालतो, त्यामुळे चार्टवरचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो.

पण इथे बंद भाव आठवडाभर रेषेच्या वरच होते. १ एप्रिलला भाव ४४,००० च्या घरात उतरून पुन्हा वर आला. रेषेला टेकून उसळणे हीसुद्धा पुस्तकी खूण, तीही मिळाली. मग ६ एप्रिलला तो रेषेखाली बंद झाला, ११ तारखेला ४०,००० च्या खाली गेला आणि मे महिन्यात ३०,००० ही तुटले. ५८,००० कधी दिसलेच नाहीत.

उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये ३८,००० ची रेषा होती आणि तळ ३५,००० जवळ, म्हणजे लक्ष्य ४१,०००. २४ तारखेला भाव रेषेवर डोकावून परत ३७,००० पर्यंत घसरला. त्या हुलकावणीत अनेक जण बाहेर फेकले गेले असतील. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र भाव ४४,००० पर्यंत पोचला.

दोन्ही वेळा आकृती सारखीच होती. माझ्या मते लक्ष्याच्या आकड्यापेक्षा बंद भाव त्रिकोणात परतला की बाहेर पडायचे, हा नियम जास्त कामाचा. भारतात तर १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.