पैसे वसूल झाले, पण पुढे?

सोलर पॅनेलवाला असो की मशीनचा विक्रेता, त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पैसे किती वर्षांत वसूल?" त्याचं उत्तरही तयार असतं. "साहेब, साडेचार वर्षांत." या आकड्याला पेबॅक म्हणतात. तो काढायला कागदसुद्धा लागत नाही. गुंतवलेली रक्कम भागिले दरवर्षी हाती येणारी रक्कम, की झालं. मोठ्या कंपन्याही त्याला कमी लेखत नाहीत. ग्रॅहम आणि हार्वी या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी ३९२ कंपन्यांच्या वित्तप्रमुखांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध केली. त्यांतले निम्म्याहून अधिक जण पेबॅक नेहमी किंवा बहुतेक वेळा पाहत होते.

हा आकडा फसवतो कुठे, हे एका उदाहरणानं पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण असा हिशेब भोसरीत किंवा शिरोलीत रोज मांडला जातो. जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या कारखानदाराकडे १० लाख रुपये गुंतवायची तयारी आहे आणि समोर दोन प्रस्ताव आहेत. पहिला, एका गाडीच्या सुट्या भागासाठी खास मशीन घ्यायचं. खर्च वजा जाता वर्षाला ४ लाख सुटतील, पण ते मॉडेल चार वर्षांनी बंद होणार आणि मग मशीन भंगारात. दुसरा, शेडच्या छपरावर २० किलोवॅटचं सोलर बसवायचं. वर्षाला साधारण २७,५०० युनिट वीज मिळेल. युनिटला ८ रुपये वाचतात असं धरलं, तर २ लाख २० हजार. पॅनेल वीस वर्षं चालतील, मात्र बाराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला १ लाख लागतील. पॅनेलची वीज वर्षागणिक थोडी घटते आणि विजेचा दर बहुधा वाढतो. इथे या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या आहेत, करही सोडला आहे.

मशीनचा पेबॅक अडीच वर्षं, सोलरचा साडेचार. कारखानदार मशीन घेऊन मोकळा होईल.

त्याचा मुलगा कॉमर्स शिकलेला असेल तर हरकत घेईल. चौथ्या वर्षी मिळणारे ४ लाख आणि आजचे ४ लाख सारखे कसे? पैसा दुसरीकडे लावून वर्षाला १२ टक्के सुटत असतील, तर वर्षभरानं येणारा रुपया आज जेमतेम ८९ पैशांचा, आणि चार वर्षांनी येणारा साडेत्रेसष्ट पैशांचा. प्रत्येक वर्षाची रक्कम अशी वटाव कापून मांडली आणि मग १० लाख कधी भरून येतात ते पाहिलं, की त्याला डिस्काउंटेड पेबॅक म्हणतात. मशीनचा तो तीन वर्षं दोन महिन्यांच्या आसपास येतो, सोलरचा जवळपास सात वर्षं. मुलाचा हिशेब बापापेक्षा शुद्ध आहे, पण निकाल तोच. उलट मशीन आता आणखीच सरस दिसतं.

याचं कारण असं की दोन्ही हिशेब एकाच ठिकाणी थांबतात. १० लाख भरून आले, की पुढचं कुणी मोजत नाही. मशीन वसुलीनंतर जेमतेम दहा महिने कमावणार आणि सोलर तेरा वर्षं, ही गोष्ट त्या आकड्यात कुठे दिसतच नाही. वटाव कापल्यानं सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब सुधारला, नंतरची वर्षं मात्र दोन्हीकडे कोरीच राहिली.

निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, मध्येच थांबत नाही. शेवटच्या वर्षापर्यंतची प्रत्येक आवक-जावक त्याच १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणायची, बेरीज करायची आणि त्यातून १० लाख वजा करायचे. मशीनच्या चार वर्षांची बेरीज १२ लाख १५ हजार भरते, म्हणून एनपीव्ही सव्वादोन लाखांच्या किंचित आत. सोलरच्या वीस वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य १६ लाख ४३ हजार. त्यातून इन्व्हर्टरचे आजच्या हिशेबानं २६ हजार आणि मूळचे १० लाख गेले, की ६ लाख १७ हजार उरतात. मशीनच्या जवळजवळ तिप्पट.

हे संगणकावर करताना एक खड्डा टाळावा. एक्सेलमधलं NPV हे सूत्र पहिलाच आकडा वर्षअखेरीचा धरतं. त्यामुळे आजची गुंतवणूक त्याच्या कंसाबाहेर ठेवावी लागते. B1 मध्ये उणे १० लाख आणि पुढे वीस वर्षांच्या रकमा असतील तर:

```
=NPV(12%,B2:B21)+B1
```

पण तिप्पट म्हणून लगेच सोलरवर उडी मारणंही बरोबर नाही. मशीनचे पैसे चार वर्षांत मोकळे होतात. ते पुन्हा तशाच कामात लावता आले तर? चार वर्षांच्या कामाची वीस वर्षांच्या कामाशी सरळ तुलना केली, तर एनपीव्हीसुद्धा दिशाभूल करते. म्हणून दोन्हींचा फायदा त्यांच्या वर्षांवर सारखा पसरून पाहायचा. मशीनला वर्षाला सुमारे ७१ हजार पडतात आणि सोलरला ८३ हजार. फरक आता फारच थोडा उरला.

आता छपराकडे पाहू. समजा पत्रे जुने आहेत आणि दहाव्या वर्षी ते बदलावेच लागणार. त्यासाठी पॅनेल उतरवून पुन्हा चढवायचे, पॅनेलमुळे वाढणारा एकूण खर्च ३ लाख. पेबॅकला याची खबरही लागत नाही. डिस्काउंटेड पेबॅकही पूर्वीइतकाच सात वर्षं, कारण हा खर्च वसुलीनंतरचा. एनपीव्ही मात्र ६ लाख १७ हजारांवरून ५ लाख २१ हजारांवर येते, आणि वर्षाचा फायदा ७० हजारांच्या जरा खाली. म्हणजे मशीन केसभर पुढे, तेही दर चार वर्षांनी तशीच नवी ऑर्डर मिळत राहील असं धरलं तर. त्या ऑर्डरची खात्री कोण देणार? माझं मत विचाराल तर छपरावर कारागीर चढवून पत्रे तपासून घ्यावेत. या निर्णयातला सगळ्यात मोलाचा आकडा तिथे सापडेल.

तरीही पेबॅक विचारणारा कारखानदार अडाणी नसतो. त्याची भीती वेगळी असते. त्याला दर महिन्याला बँकेचा हप्ता भरायचा असतो. १० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर वर्षाला २ लाख ६१ हजार हप्त्यात जातात. सोलरची बचत २ लाख २० हजार. म्हणजे पाच वर्षं दरसाल ४१ हजार खिशातून घालायचे, आणि मंदीच्या वर्षात तेच जड जातात. एनपीव्ही सहा लाखांची असली, तरी ती पाच तारखेला खात्यात जमा होत नाही. मात्र ही अडचण सोलरची नाही, कर्जाच्या मुदतीची आहे. तेच कर्ज त्याच दरानं सात वर्षांसाठी मिळालं, तर वर्षाचा हप्ता २ लाख ५ हजारांवर येतो, आणि पहिल्या वर्षापासून हप्ता भरून १५ हजार शिल्लक राहतात.