31 मार्चचा नफा कुठे जातो

ERPNext ही मुंबईत घडलेली मुक्तस्रोत ईआरपी प्रणाली. तिच्यात नव्या वर्षाची नवी वही नसते. खतावणी सलग चालते. बीड तालुक्यातल्या नेकनूरसारख्या बाजारगावातले, एका मालकाचे खत-बियाण्यांचे दुकान उदाहरणादाखल घेऊ. एखाद्या शेतकऱ्याकडे 31 मार्च 2025 रोजी 18,500 रुपये उधारी असेल, तर 1 एप्रिलला ती बिलासकट आपोआप पुढे येते. जुन्या चोपड्याच्या सवयीने कोणी आरंभीच्या शिलकेची वेगळी नोंद केली, तर शेतकऱ्याच्या नावावर 37,000 दिसू लागतात. बँक, साठा, कर्ज यांचेही तसेच.

शून्यावर आणायची असतात ती फक्त उत्पन्नाची आणि खर्चाची खाती. आधी Fiscal Year मध्ये 2025-26 उघडायचे, कारण त्याशिवाय एप्रिलचे बिलच बनत नाही. मग जुन्या वर्षासाठी Period Closing Voucher करायचे. त्यात निव्वळ नफा भांडवल खात्यात जातो. समजा, तो 4,20,000 आहे. मालकाने घरखर्चासाठी काढलेली उचल मात्र या व्हाउचरने मिटत नाही. ती भांडवलात वळवायला वेगळी जर्नल नोंद लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. व्हाउचरच विसरले, तर नव्या वर्षाच्या ताळेबंदात Unclosed Fiscal Years Profit / Loss ही ओळ उमटते. ती दिसली की जुने वर्ष बंद झालेले नाही, हे नक्की.

खरी कसोटी ऑगस्टमध्ये लागते. लेखापरीक्षकाला मार्चच्या मालवाहतुकीचे 35,000 चे बिल एप्रिलच्या खर्चात सापडते. बंद वर्षात नोंद करू पाहिली, तर प्रणाली ती नाकारते. म्हणून अधिकार असलेल्याने खाती गोठवल्याची तारीख तात्पुरती मागे घ्यायची, बंदीचे व्हाउचर रद्द करायचे आणि 31 मार्चच्या तारखेने वाहतूक खर्च नावे, देणे खर्च जमा, अशी नोंद करायची. नंतर नवे व्हाउचर, नफा 3,85,000.

एवढ्यावर थांबले, तर तोच खर्च दोन्ही वर्षांत पडतो. म्हणून 1 एप्रिलला देणे खर्च नावे, वाहतूक खर्च जमा, अशी उलट नोंद हवीच. एप्रिलमध्ये नोंदलेला खर्च तिने निघून जातो आणि देणे खर्चही शून्य होतो. ही दुसरी नोंद राहिली, तर 2025-26 चा नफा विनाकारण 35,000 ने कमी दिसतो.

शेवटी नव्या वर्षाच्या Trial Balance मधील आरंभीचे भांडवल लेखापरीक्षित ताळेबंदाशी ताडून पाहावे. रुपयाचाही फरक नसेल, तरच तारीख पुन्हा गोठवावी.