बिल आपल्याकडे, नोंद पोर्टलवर नाही

कोल्हापुरात पंपाचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असं समजू. जानेवारीत त्याने २ लाख ४० हजारांचं लोखंड, ६० हजारांची बेअरिंग्ज आणि २५ हजारांची कटिंग टूल्स घेतली. तिन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४३,२००, १०,८०० आणि ४,५०० रुपये कर त्याने विक्रेत्यांना दिला. हे ५८,५०० रुपये त्याला स्वतःच्या करातून वजा करून मिळायला हवेत. बिलं फाइलला आहेत, मालही आला आहे.

पण १ जानेवारी २०२२ पासून एवढ्याने भागत नाही. विक्रेत्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये दाखवलं आणि खरेदीदाराच्या २बी मध्ये ते उतरलं, तरच वजावट मिळते. विक्रेत्याचं मासिक रिटर्न पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं, २बी १४ तारखेला तयार होतं आणि खरेदीदाराला आपलं ३बी २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधले सहा दिवस जुळवणीचे. म्हणूनच अनेक अकाउंटंट हा रिपोर्ट ठरलेल्या तारखेला आपोआप निघेल असा लावून ठेवतात. खरेदीखातं आणि २बी समोरासमोर ठेवून जुळलेली, रक्कम न जुळणारी, फक्त पुस्तकात असलेली आणि फक्त २बी मध्ये असलेली अशा चार याद्या त्यातून निघतात.

आपल्या कारखान्याच्या पहिल्या रिपोर्टमध्ये तिन्ही बिलं ‘२बी मध्ये नाही’ या यादीत आली. ५८,५०० रुपये लटकले! मात्र तिन्हींची कारणं वेगवेगळी होती, आणि उपायही.

लोखंडाचं बिल खरं तर हरवलेलंच नव्हतं. कारकुनाने बिल नंबर नुसता 45 टाकला होता. २बी मध्ये तो KS/0045/25-26 असा होता. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ही दोन निराळी बिलं, म्हणून एक ‘फक्त पुस्तकात’ आणि दुसरं ‘फक्त २बी मध्ये’ गेलं. दोन्ही याद्यांत एकाच विक्रेत्याची तेवढ्याच रकमेची नोंद दिसली, की आधी नंबरच तपासावा. सुरुवातीची अक्षरं, तिरप्या रेघा, सुरुवातीची शून्यं आणि वर्ष काढून नंबर जुळवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये करता येते. मात्र मग विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि कराची रक्कम या तिन्ही गोष्टी जुळायलाच हव्यात, फार तर एखाद्या रुपयाचा फरक सोडावा. नुसत्या सैल नंबरावर जुळवलं, तर दोन शाखांची 45 नंबरची बिलं एकमेकांना चिकटतात आणि चूक दिसेनाशी होते.

बेअरिंगवाला तिमाही रिटर्न भरणारा. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना ती मुभा आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत वेगळी चढवण्याची सोय त्यांना असते, पण ती ऐच्छिक. याने ती वापरली नाही. त्याचं जानेवारीचं बिल १४ एप्रिलला, मार्चच्या २बी मध्ये येणार. इथे फोनवर भांडण्यात अर्थ नाही, पण रिपोर्टने हे बिल पुढे ओढत न्यायला हवं. बरेच रिपोर्ट त्या त्या महिन्याचीच खरेदी बघतात. मग एप्रिलमध्ये बिल येतं, जुळायला पुस्तकातलं काही सापडत नाही आणि १०,८०० रुपये तसेच राहून जातात. आमच्या मते, न जुळलेली जुनी बिलं पुढे न नेणारा रिपोर्ट अपुराच आहे.

खरा फोन करायचा तो टूल्सवाल्याला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याचा जीएसटी क्रमांक नोंदवलेलाच नव्हता, त्यामुळे बिल किरकोळ ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात गेलं. कर सरकारकडे पोचला, पण कुणाच्याच नावावर नाही. त्याने पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती केली, की ते ४,५०० रुपये नंतरच्या २बी मध्ये दिसतील. तोवर फेब्रुवारीच्या २० तारखेला कारखान्याने ४३,२०० रुपयांचीच वजावट घ्यायची. उरलेल्या १५,३०० वर आत्ता हक्क सांगितला, तर नंतर ते परत भरण्याची वेळ येऊ शकते आणि वापरलेल्या रकमेवर १८ टक्के दराने व्याज लागतं.

उलट बाजूची यादीही वाचायला हवी. ‘फक्त २बी मध्ये’ असलेलं बिल वाटेतल्या मालाचं असू शकतं, तसं भलत्याच कुणाचंही. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलं. आलेलं बिल तिथे स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं, आणि काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं.

जुळलेल्या यादीतही एक धोका उरतो. २बी मध्ये बिल दिसणं म्हणजे विक्रेत्याने त्यावरचा कर भरला, असं नाही. त्याने ३बी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलं नाही, तर खरेदीदाराला घेतलेली वजावट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावी लागते. विक्रेत्याने नंतर ते भरलं, की ती पुन्हा घेता येते. विक्रेत्याचं ३बी भरलं गेलं की नाही, हे २ए मध्ये दिसतं. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मागच्या पूर्ण वर्षाच्या बिलांसाठी हाच रिपोर्ट एकदा वेगळा लावावा, त्या एका रकान्यासह.